व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आणि न्यूट्रिक गुणांक

व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णाला तोंडाने खाता येत नाही. त्याच्या नाकातून किंवा तोंडातून एक बारीक नळी जठरापर्यंत उतरवतात आणि तिच्यातून पातळ अन्न थेंबाथेंबाने सोडतात. रुग्णालयात या नळीला रायल्स ट्यूब आणि त्या अन्नाला नुसते ‘फीड’ म्हणतात. फीड कधी सुरू करायचे, याबद्दल डॉक्टरांमध्ये आता फारसा वाद उरलेला नाही. रक्तदाब जरा स्थिरावला आणि पोट चालू असेल, तर पहिल्या २४ ते ४८ तासांत सुरू करावे, असे जवळजवळ सगळेच मानतात. वाद आहे तो किती द्यायचे आणि किती वेगाने वाढवायचे, याबद्दल. पहिल्या दोन-तीन दिवसांतच पूर्ण गरजेइतके अन्न कोणाला द्यावे आणि कोणाला आठवडाभर थोड्यावर ठेवले तरी चालेल, हे ठरवण्यासाठी एक गुणांक तयार झाला. त्याचे नाव न्यूट्रिक. कॅनडातील किंग्स्टन शहरातल्या क्वीन्स विद्यापीठात डॅरेन हेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

अशा गुणांकाची गरज का भासली, हे कळण्यासाठी आधी गंभीर आजारात शरीराचे काय होते ते पाहावे लागते. निरोगी माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करते. स्नायूंना शक्यतो हात लावत नाही आणि चरबी जाळून भागवते. सेप्सिस, मोठा अपघात किंवा तीव्र न्यूमोनिया झालेल्या माणसात ही काटकसर सुटते. दाह वाढतो, कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनॅलिन उसळतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि स्नायूंतील प्रथिने झपाट्याने मोडली जातात. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी वेळोवेळी केली गेली. दहा दिवसांत त्या स्नायूचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. व्हेंटिलेटर सुटल्यावर श्वास घ्यायला, खोकायला आणि बसायला लागणारे स्नायू असेच झिजतात. त्यामुळे लवकर आणि भरपूर अन्न देऊन ही झीज थांबवावी, हा विचार अगदी स्वाभाविक होता.

या विचाराला एक अडचण आहे. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत यकृत शरीरातलाच साठा आणि स्नायूंतील अमिनो आम्ले वापरून सतत साखर तयार करत असते. निरोगी माणसाला जेवण मिळाले की ही साखरनिर्मिती थांबते. अत्यवस्थ रुग्णात बाहेरून अन्न दिले तरी ती पुरती थांबत नाही. म्हणजे नळीतून पूर्ण गरजेइतके कॅलरी दिले, तर आतली साखर आणि बाहेरचे अन्न मिळून प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त पुरवठा होतो. आतून किती साखर तयार होते आहे, हे खाटेजवळ मोजता येत नाही. रुग्ण सावरू लागला की ती कमी होत जाते आणि बाहेरच्या अन्नाची खरी गरज उघडी पडते. त्यामुळे ‘लवकर’ आणि ‘भरपूर’ या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे भाग पडते. ज्याच्याकडे साठा नाही आणि ज्याचा आजार लांबणार आहे, अशा रुग्णाला मात्र जास्त दिवस कमी अन्नावर ठेवणे घातक ठरेल, असे वाटणे साहजिक आहे. अशा रुग्णाला पहिल्याच दिवशी हेरायचे, हा न्यूट्रिकमागचा हेतू.

हेलंड यांच्या गटाने सुमारे ६०० अत्यवस्थ रुग्णांची माहिती तपासली आणि कोणत्या गोष्टींचा मृत्यूशी व व्हेंटिलेटरवरच्या दिवसांशी संबंध लागतो, ते पाहिले. सुरुवातीला त्यांच्या यादीत सगळ्यांना अपेक्षित असतील अशा गोष्टीही होत्या: आधी कमी झालेले वजन, आदल्या आठवड्यात कमी झालेले खाणे आणि उंचीच्या मानाने वजन म्हणजे बीएमआय. हिशेबात या गोष्टी टिकल्या नाहीत. अत्यवस्थ रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही आणि घाबरलेल्या नातेवाइकांना नेमके आठवत नाही. सलाईनने फुगलेल्या शरीराचे वजनही खरे नसते. कारण काही असो, पोषण थेट मोजणारी एकही बाब अंतिम गुणांकात राहिली नाही. पुढे झालेल्या वादाचे मूळ इथेच आहे.

शेवटी सहा बाबी उरल्या. पहिली वय. पन्नाशीच्या आत शून्य, ५० ते ७४ असेल तर एक आणि ७५ किंवा पुढे असेल तर दोन गुण. दुसरी बाब अपॅची-२ हा १९८५ पासून वापरात असलेला आजाराच्या तीव्रतेचा आकडा. आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतल्या तापमान, नाडी, रक्तदाब, रक्तातील सोडियम, क्रिएटिनिन अशा १२ मोजमापांच्या सर्वांत वाईट नोंदींवरून तो काढतात. तो १५ च्या खाली असेल तर शून्य, १५ ते १९ असेल तर एक, २० ते २७ असेल तर दोन आणि २८ च्या पुढे तीन गुण. तिसरी बाब सोफा. यात फुफ्फुस, रक्ताभिसरण, मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठणे आणि शुद्ध या सहा यंत्रणांना प्रत्येकी शून्य ते चार आकडे देतात. बेरीज सहाच्या खाली असेल तर शून्य, सहा ते नऊ असेल तर एक, दहा किंवा जास्त असेल तर दोन गुण. दोन किंवा अधिक जुने आजार असतील तर एक गुण. आयसीयूत येण्यापूर्वी रुग्णालयातच एक दिवस किंवा जास्त गेला असेल तर आणखी एक. सहावी बाब रक्तातील इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे द्योतक. ते ४०० च्या वर असेल तर एक गुण. बहुतेक आयसीयूत ही तपासणी रोज होत नाही आणि ती वगळली तरी निकालात फारसा फरक पडत नाही. म्हणून आज सर्वत्र तिच्याशिवायचा सुधारित न्यूट्रिक वापरतात. त्यात शून्य ते नऊ गुण मिळतात आणि पाच किंवा जास्त गुणांना ‘जास्त धोका’ मानतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो, हे एका काल्पनिक पण रोज दिसणाऱ्या रुग्णावरून समजेल. अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ, वजन ६० किलो. त्यांना मधुमेह आहे आणि जुना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांत हवा अडकण्याचा विकार. न्यूमोनिया होऊन ते दोन दिवस वॉर्डात होते, तिथे धाप वाढली आणि त्यांना आयसीयूत आणून व्हेंटिलेटर लावावा लागला. पहिल्या २४ तासांतल्या नोंदींवरून अपॅची २४ आला. सोफासाठी फुफ्फुसांचे तीन, रक्तदाबासाठी थोड्या प्रमाणात नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू असल्याचे तीन आणि किंचित वाढलेले क्रिएटिनिन, किंचित कमी प्लेटलेट व किंचित वाढलेले बिलिरुबिन यांचा प्रत्येकी एक, असे नऊ झाले. शुद्धीसाठी शून्य, कारण झोपेचे औषध देण्यापूर्वी ते पूर्ण शुद्धीत होते. आता न्यूट्रिकची बेरीज करता येते. वयाचा एक, अपॅचीचे दोन, सोफाचा एक, दोन जुन्या आजारांचा एक आणि वॉर्डातल्या दोन दिवसांचा एक. एकूण सहा, म्हणजे जास्त धोका.

या बेरजेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे वय इथे दोनदा मोजले गेले. अपॅचीच्या २४ मध्ये वयाचे पाच गुण आधीच आले होते आणि न्यूट्रिकने त्यासाठी पुन्हा एक दिला. दुसरी म्हणजे हाच माणूस वॉर्डात न जाता थेट आयसीयूत आला असता आणि काही नोंदी जराशा बऱ्या निघून अपॅची १९ आला असता, तर त्याची बेरीज चार होऊन तो कमी धोक्याच्या गटात गेला असता. त्याच्या अंगावरचे मांस दोन्ही वेळा तेवढेच राहिले असते.

न्यूट्रिकवरून उपचार ठरवायची औपचारिक शिफारस २०१६ मध्ये आली. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन या पोषण संस्थेने आणि तिथल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते की जास्त धोक्याच्या रुग्णाचे फीड २४ ते ४८ तासांत, पोटाला सोसेल तितक्या झपाट्याने लक्ष्याकडे न्यावे. ४८ ते ७२ तासांत अपेक्षित ऊर्जेच्या आणि प्रथिनांच्या ८० टक्क्यांहून अधिक पोचावे. ऊर्जेचे लक्ष्य किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि प्रथिनांचे १.२ ते २ ग्रॅम. कमी धोक्याच्या, आधी चांगले खात्यापित्या रुग्णाला मात्र पहिल्या आठवड्यात अशा घाईची गरज नाही, असेही त्यात होते. रुग्णांची अशी स्पष्ट विभागणी आधीच्या सूचनांत नव्हती.

वरच्या गृहस्थांसाठी याचा अर्थ असा होतो. किलोमागे २५ धरून दिवसाचे लक्ष्य १५०० किलोकॅलरी. नेहमीच्या तयार फीडमध्ये एका मिलिलिटरला एक किलोकॅलरी असते, म्हणजे १५०० मिलिलिटर, ताशी सुमारे ६२. पंप ताशी २० मिलिलिटरवर सुरू करायचा, दर काही तासांनी पोट फुगले का, उलटी झाली का हे पाहत वाढवायचा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत निदान १२०० किलोकॅलरीला पोचायचे. इथे एक गोष्ट हमखास निसटते. रुग्णाला झोपवण्यासाठी दिलेले प्रोपोफॉल हे औषध तेलकट द्रावणात असते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे १.१ किलोकॅलरी असते. ताशी दहा मिलिलिटरने ते दिवसभर चालले तर २६४ किलोकॅलरी नकळत शरीरात जातात. त्या वजा केल्या तर फीड सुमारे १२३६ मिलिलिटरच लागते. पण प्रथिने प्रोपोफॉलमध्ये मुळीच नसतात. लिटरमागे ४० ग्रॅम प्रथिने असलेल्या फीडमधून आता ४९ ग्रॅमच मिळतील आणि किमान लक्ष्य तर ७२ ग्रॅम आहे. उरलेले २३ ग्रॅम वेगळी प्रथिन पावडर मिसळून भरून काढावे लागतात. आहारतज्ज्ञ रोज सकाळी औषधांचा तक्ता मागतात तो याचसाठी. आपल्याकडच्या ज्या रुग्णालयांत तयार पाकिटांऐवजी स्वयंपाकघरात दूध, डाळीचे पाणी, पीठ एकत्र करून फीड बनते, तिथे हा हिशेब आणखी कठीण होतो. कारण एका घाण्यात किती ऊर्जा आणि किती प्रथिने उतरली, हे दर वेळी सारखे नसते.

ठरवलेले फीड आणि रुग्णाच्या पोटात गेलेले फीड यांत नेहमीच अंतर पडते. सीटी स्कॅनसाठी नेताना पंप बंद होतो. श्वासनलिकेत छिद्र करायच्या आधी सहा तास फीड थांबवले जाते. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत सहा तासांचा खंड म्हणजे ३७५ मिलिलिटर, दिवसाच्या लक्ष्याचा चौथा हिस्सा. म्हणून हेलंड यांच्याच गटाने पुढे ताशी वेगाऐवजी दिवसाचे आकारमान ठरवून देण्याची पद्धत मांडली. खंड पडला तर उरलेल्या तासांत परिचारिका वेग वाढवून भरपाई करतात, त्यासाठी प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारावे लागत नाही. जठरात किती फीड साठले ते वारंवार ओढून पाहायची आणि थोडे जास्त निघाले की फीड बंद करायची जुनी सवय आता बरीच मागे पडली आहे. २०१६ च्या सूचनांत ५०० मिलिलिटरपेक्षा कमी साठ्यासाठी, इतर काही लक्षण नसताना, फीड थांबवू नये असे म्हटले आहे. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे आणि पोट मंदावले तर मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन देणे, हे उपाय आधी करतात.

इतके सगळे नीट झाले, तरी जास्त गुण मिळालेल्या रुग्णाला जास्त अन्न दिल्याने खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न उरतो. मूळ २०११ च्या अभ्यासात, आयसीयूत तीन दिवसांहून अधिक राहिलेल्या सुमारे दोनशे रुग्णांच्या माहितीत, तसा कल दिसला होता. ज्यांचे गुण जास्त होते, त्यांच्यापैकी ज्यांना लक्ष्याच्या जवळ अन्न मिळाले ते अधिक जगले. कमी गुणांच्या रुग्णांत असा फरक नव्हता. २०१६ मध्ये १,१९९ रुग्णांच्या माहितीवर सुधारित न्यूट्रिक तपासला गेला तेव्हाही तेच चित्र आले. शिवाय एकेका गुणामागे मृत्यूची शक्यता सुमारे १.४ पटीने वाढते, असेही दिसले. पुढच्या वर्षी अनेक देशांतल्या आयसीयूंच्या एका मोठ्या पाहणीतही जास्त गुणांच्या रुग्णांत अन्न आणि जगणे यांचा संबंध आढळला.

हे सगळे निष्कर्ष निरीक्षणातून आले होते. कोणाला किती अन्न द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते, जे घडले ते नंतर मोजले गेले. इथे एक सापळा असतो. ज्या रुग्णाचा रक्तदाब स्थिर राहतो, आतडी चालू राहतात, उलट्या होत नाहीत आणि ज्याला वारंवार शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागत नाही, त्याच्या पोटात आपोआप जास्त फीड जाते. जो खालावतो त्याचे फीड बंद पडते. म्हणजे कधी कधी जास्त अन्नामुळे रुग्ण जगत नाही, जगण्याच्या बेतात असलेल्या रुग्णाच्या पोटात जास्त अन्न जाते. आकडेशास्त्राच्या दुरुस्त्या करूनही हा उलटा संबंध पुरता पुसता येत नाही, कारण खालावण्याची पहिली चिन्हे कोणत्याही गुणांकात उतरण्याआधी आतड्यात उतरतात.

म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेल्या, म्हणजे यादृच्छिक चाचण्यांकडे पाहावे लागते. २०१५ मध्ये सौदी अरेबिया आणि कॅनडातल्या ८९४ रुग्णांवर झालेल्या परमिट चाचणीत एका गटाला ऊर्जेच्या गरजेच्या ४० ते ६० टक्के आणि दुसऱ्याला ७० ते १०० टक्के देण्यात आले. प्रथिने दोघांना सारखीच. ९० दिवसांनी कमी ऊर्जेच्या गटात २७.२ टक्के आणि पूर्ण ऊर्जेच्या गटात २८.९ टक्के मृत्यू झाले होते, म्हणजे फरक नव्हता. इथवर न्यूट्रिकच्या बाजूने म्हणता आले असते की कमी आणि जास्त धोक्याचे रुग्ण एकत्र मिसळल्यामुळे फायदा झाकला गेला. म्हणून त्याच रुग्णांची विभागणी नंतर सुधारित न्यूट्रिकने केली गेली. दहांपैकी सुमारे चार जण जास्त धोक्याचे निघाले. त्यांच्यातही पूर्ण ऊर्जेचा फायदा दिसला नाही. जास्त गुणांचे रुग्ण जास्त दगावले, पण त्यांना किती ऊर्जा दिली याने त्यात फरक पडला नाही.

याहून कडक परीक्षा २०२३ मध्ये फ्रान्समध्ये झाली. न्यूट्रिरिआ-३ नावाच्या या चाचणीत ६१ आयसीयूंतले तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. सगळे व्हेंटिलेटरवर आणि सगळ्यांना रक्तदाब टिकवणारी औषधे चालू. न्यूट्रिकने मोजले तर यातले बहुतेक वरच्याच गटात जातील असे हे रुग्ण. एका गटाला पहिले सात दिवस किलोमागे फक्त सहा किलोकॅलरी आणि अगदी थोडी प्रथिने, दुसऱ्याला २५ किलोकॅलरी आणि १ ते १.३ ग्रॅम प्रथिने दिली गेली. ९० दिवसांच्या मृत्यूत फरक पडला नाही. पण कमी मिळालेले रुग्ण आयसीयूतून बाहेर पडायला लवकर तयार झाले. उलट्या, यकृताचा बिघाड आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. रक्तदाब औषधांवर उभा असताना आतड्याकडे जाणारे रक्त आधीच अपुरे असते. त्यात त्याच्यावर पचनाचे काम लादले की ते कुजू शकते. हा धोका विरळ असला तरी जीवघेणा आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एफर्ट चाचणीचे नेतृत्व खुद्द हेलंड यांनीच केले. तिच्यात पोषणाचा धोका असलेल्या १,३०१ व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने विरुद्ध १.२ ग्रॅमपर्यंत प्रथिने अशी तुलना झाली. जास्त प्रथिनांचा लाभ दिसला नाही. मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्या आणि सुरुवातीचा सोफा जास्त असलेल्या रुग्णांत तर ती अपायकारक ठरली असण्याची शक्यता दिसली.

हे निकाल एकत्र ठेवले की न्यूट्रिकचे खरे स्वरूप उघड होते. तो कोण मरणाच्या जवळ आहे, हे बऱ्यापैकी सांगतो. अन्नाने कोण वाचेल, हे तो सांगू शकत नाही. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण तशा त्या नाहीत. सोफा आणि अपॅची वाढवणारी माणसे बहुतेक वेळा तीच असतात, ज्यांचे शरीर पहिल्या दिवसांत बाहेरचे अन्न वापरू शकत नाही. ज्यांना जास्त अन्न द्या असे गुणांक सांगतो, तेच पहिल्या आठवड्यात ते सोसायला सर्वांत कमी सक्षम असतात. या गुणांकाचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. तो सीमारेषा पाचऐवजी सहा करून सुधारणार नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. एक दुसरी काल्पनिक रुग्ण पाहू. बत्तीस वर्षांची स्त्री, वजन ३८ किलो, फुफ्फुसाचा क्षयरोग, गेल्या तीन महिन्यांत दहा किलो वजन उतरलेले, आठवडाभर जवळजवळ काही खाल्लेले नाही. रक्ताची उलटी होऊन ती थेट आयसीयूत आली आणि श्वासमार्ग सांभाळण्यासाठी व्हेंटिलेटर लावला. अपॅची १४, सोफा पाच, जुना आजार एकच. न्यूट्रिकची बेरीज शून्य येते. आकड्याच्या मते हिला पोषणाचा धोका नाही. साध्या डोळ्याने पाहणारी कोणतीही परिचारिका हे मानणार नाही. आखलेल्या गालांवरून, उघड्या पडलेल्या हाडांवरून आणि नातेवाइकांच्या दोन वाक्यांवरून तिचे कुपोषण कळते. तिच्यासाठी वजनातली घट आणि खाण्याचा इतिहास विचारणारी एनआरएस-२००२ ही दुसरी मोजणी किंवा अंगावरचे मांस व चरबी हाताने तपासणे जास्त उपयोगी पडते. भारतात दीर्घ कुपोषण, क्षयरोग आणि तरुण वयात येणारे गंभीर आजार हे एकत्र दिसतात, म्हणून ही त्रुटी इथे जास्त बोचते. इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या एका अभ्यासात दहांपैकी चार जण न्यूट्रिकने जास्त धोक्याचे ठरले. उरलेल्या सहांत या स्त्रीसारखे किती असतील, हे त्या आकड्यातून कळू शकत नाही.

या स्त्रीला अन्नाची गरज खरी आहे, पण तिला झपाट्याने भरवणे सर्वांत धोक्याचे ठरेल. दीर्घ उपासानंतर एकदम कर्बोदके मिळाली की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. थायामिन हे जीवनसत्त्वही झपाट्याने संपते. फॉस्फेट घसरले की श्वासपटल दुबळे पडते, रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १३ आयसीयूंत ३३९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फीड सुरू केल्यावर तीन दिवसांत फॉस्फेट ०.६५ मिलिमोल प्रति लिटरच्या, म्हणजे आपल्या अहवालांत येणाऱ्या सुमारे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेलेले रुग्ण घेतले होते. निम्म्यांची ऊर्जा काही दिवस ताशी २० किलोकॅलरीपर्यंत खाली आणली. चाचणीने आधी ठरवलेल्या मुख्य निकषात फरक पडला नाही, पण ६० दिवसांनी कमी ऊर्जेच्या गटातले अधिक रुग्ण जिवंत होते. म्हणून ३८ किलोच्या या स्त्रीला फीड सुरू करण्याआधी थायामिन देतात. पहिले दोन दिवस किलोमागे दहा किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे सुमारे ३८० किलोकॅलरीवर ठेवतात. रोज, कधी दिवसातून दोनदा फॉस्फेट तपासतात आणि ते घसरले की भरून काढेपर्यंत वेग वाढवत नाहीत.

मार्गदर्शक सूचनाही आता याच दिशेने सरकल्या आहेत. युरोपातल्या एस्पेन या पोषण संस्थेने २०१९ मध्ये न्यूट्रिकवर भर न देता, आयसीयूत ४८ तासांहून अधिक राहणारा प्रत्येक रुग्ण कुपोषणाच्या धोक्यात आहे असे धरावे, असे सुचवले. पूर्ण अन्न पहिल्या दिवसांत द्यायचे नाही, तीन ते सात दिवसांत टप्प्याटप्प्याने गाठायचे आणि ऊर्जा सूत्राने अंदाजलेली असेल तर पहिला आठवडा तिच्या ७० टक्क्यांखाली राहायचे. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेननेही २०२२ मध्ये पहिल्या सात ते दहा दिवसांसाठी किलोमागे १२ ते २५ किलोकॅलरी एवढी सैल मर्यादा दिली. २०१६ मधली घाई त्यात राहिली नाही.

तरीही न्यूट्रिक टाकून दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. त्याचा उपयोग आहारतज्ज्ञाचे लक्ष कोणाकडे आधी जावे यासाठी होतो. ज्याचे गुण जास्त, तो बहुधा आयसीयूत लांबणार, म्हणून त्याचे लक्ष्य लेखी ठरवायचे, त्याला मिळालेले आणि ठरवलेले यातले अंतर रोज मोजायचे. वेग मात्र खाटेजवळच्या चिन्हांवरून ठरतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची मात्रा वाढत असेल किंवा रक्तातील लॅक्टेट चढत असेल तर फीड ताशी दहा-वीस मिलिलिटरवरच ठेवतात किंवा थांबवतात. पोट ताणले गेले, फीड चालू असताना पोटात दुखू लागले किंवा लॅक्टेट अचानक वाढले तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घेतात. इन्सुलिनची गरज तासागणिक वाढत असेल तर ऊर्जा जास्त होते आहे असे समजतात. औषधांची मात्रा उतरू लागली, ताप शमला, साखर स्थिरावली आणि फॉस्फेट टिकून राहिले, म्हणजे यकृताची साखरनिर्मिती मंदावली असे धरून वेग वाढवतात.

अडुसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत आज बहुतेक ठिकाणी असे होईल. सहा गुण असूनही पहिल्या दिवशी ताशी २० मिलिलिटर, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन कमी होऊ लागल्यावर तिसऱ्या दिवशी ४०, म्हणजे दिवसाला ९६० किलोकॅलरी, आणि प्रोपोफॉल बंद झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण ६२. प्रथिने किलोमागे ०.८ ग्रॅमपासून सुरू करून आठवड्याअखेर १.२ ते १.३ ग्रॅम. मूत्रपिंड बिघडले तर ती पुढे रेटायची नाहीत. दहाव्या दिवसापर्यंत लक्ष्य गाठले नसेल आणि पोट साथ देत नसेल, तर शिरेतून पूरक पोषणाचा विचार होतो.

न्यूट्रिकचे काम पहिल्या दिवशीच संपते. तो पहिल्या २४ तासांच्या नोंदींवर काढतात आणि नंतर बदलत नाही. रुग्णाला अन्नाची गरज मात्र पुढे वाढतच जाते. व्हेंटिलेटर सुटला की घशातली नळी निघते, तिच्यासोबत रायल्स ट्यूबही घाईने काढली जाते आणि रुग्ण आता स्वतः खाईल असे गृहीत धरले जाते. आठवडाभर नळी राहिलेल्या घशाला गिळता येत नाही, तोंडाची चव गेलेली असते, दोन चमच्यांत दम लागतो. आयसीयूत १५०० किलोकॅलरी मिळणारा माणूस वॉर्डात जाऊन पाचशेवर येतो, आणि नेमक्या याच काळात त्याचे शरीर स्नायू पुन्हा बांधायला तयार झालेले असते. म्हणून गिळण्याची तपासणी होऊन तोंडाने गरजेचा बराचसा भाग जाऊ लागेपर्यंत बारीक नळी ठेवावी, रात्री तिच्यातून फीड चालू ठेवावे आणि दिवसभरात ताटातले किती संपले याची नोंद वॉर्डातही व्हावी, असे आहारतज्ज्ञ सांगतात.